माल संपला तेव्हा गिऱ्हाईक गेलं की थांबलं? नुकसानीचा हिशेब कसा मांडायचा

माल संपल्यामुळे किती नुकसान झालं असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक उत्तर मिळतं. विक्री सांभाळणारी माणसं कमी पडलेल्या नगांना सरळ विक्री किमतीनं गुणतात आणि डोळे विस्फारतील असा आकडा पुढे ठेवतात. खरेदी आणि गोदाम बघणारी माणसं म्हणतात, ‘नुकसान कसलं? आठ दिवस उशिरा का होईना, माल दिलाच ना?’ पहिल्या उत्तरात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक निघून गेलं असं धरलेलं असतं, दुसऱ्यात प्रत्येक जण थांबला असं. खरं उत्तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं. नेमकं कुठे, ते शोधायला बाहेरच्या कुणाला विचारावं लागत नाही. आपल्याच विक्रीच्या नोंदींत ते बऱ्यापैकी सापडतं. कसं, ते एका वस्तूचा हिशेब शेवटपर्यंत करून बघू.

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. गिऱ्हाईक मागायला आलं, माल नव्हता, आणि ते दुसरीकडून घेऊन मोकळं झालं किंवा त्यानं घेण्याचा विचारच सोडला, तर ती लॉस्ट सेल, म्हणजे हातची गेलेली विक्री. ‘आला की द्या’ म्हणून ते थांबलं, तर ती बॅकऑर्डर. बॅकऑर्डरमध्ये विक्री होते, फक्त उशिरा होते, आणि त्या उशिराचा थोडाफार खर्च आपल्या अंगावर पडतो. गेलेल्या विक्रीत त्या नगावर सुटणारे पैसेच जातात. पुस्तकातली गणितं बहुतेक वेळा यांपैकी एकच गोष्ट घडते असं धरून चालतात. प्रत्यक्षात एकाच दिवशी, एकाच वस्तूसाठी दोन्ही घडत असतात, शिवाय तिसरीही: गिऱ्हाईक आपल्याकडचीच दुसरी वस्तू उचलतं.

किराणा आणि रोजच्या वापराच्या वस्तूंच्या किरकोळ विक्रीवर ग्रुएन, कॉर्स्टेन आणि भारद्वाज यांनी 2002 साली एक मोठा अहवाल काढला. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास त्यांनी एकत्र केले होते. हवी ती वस्तू दुकानात नसली की लोक काय करतात, याची त्यांनी काढलेली सरासरी अशी होती: 31 टक्के लोक तीच वस्तू दुसऱ्या दुकानातून घेतात, 26 टक्के दुसऱ्या ब्रँडची घेतात, 19 टक्के त्याच ब्रँडचं दुसरं काहीतरी घेतात, 15 टक्के खरेदी पुढे ढकलतात आणि 9 टक्के घेतच नाहीत.

हे आकडे आपल्या धंद्याला तसेच्या तसे लावायचे नसतात. पण त्यांतून एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. दुकानदाराच्या बाजूनं बघितलं तर थेट गेलेली विक्री 31 अधिक 9, म्हणजे 40 टक्के. वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूनं 26 अधिक 9, म्हणजे 35 टक्के, आणि ती माणसंही बरीचशी वेगळी. दुसऱ्या दुकानात जाऊन तोच ब्रँड घेणाऱ्यामुळे कंपनीचं काही बिघडत नाही, आणि दुसरा ब्रँड घेणाऱ्यामुळे दुकानदाराचं फारसं बिघडत नाही. म्हणून हिशेबाला बसण्याआधी ‘नुकसान कुणाचं मोजतोय’ हे ठरवावं लागतं. पुरवठादार आणि विक्रेता बैठकीत एकाच घटनेचे दोन वेगळे आकडे घेऊन भांडतात आणि दोघंही बरोबर असतात, ते यामुळेच.

आता आपली वस्तू. प्रिंटरचं शाईचं कार्ट्रिज घेऊ. हे निवडायचं कारण असं, की त्यात तिन्ही गोष्टी घडतात. घाईचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, नेहमीचं ऑफिस एक-दोन दिवस थांबू शकतं, आणि मूळ कंपनीच्या कार्ट्रिजऐवजी चालणारं कंपॅटिबल कार्ट्रिज आपल्याच कपाटात असतं. चलन कोणतंही असो, विक्री किंमत 100 धरू. खरेदी 70 ला. पॅकिंग, पेमेंटचं शुल्क असे नगामागे होणारे किरकोळ खर्च 5. म्हणजे एक नग विकला की हातात 25 उरतात. दुकानाचं भाडं आणि पगार यात धरायचे नाहीत, कारण तो नग विकला न विकला तरी ते द्यावेच लागतात.

आठवड्याची नेहमीची विक्री 120 नग: सोमवारी 24, मंगळवार ते गुरुवार रोज 20, शुक्रवारी आणि शनिवारी 18. रविवारी बंद. एका बुधवारी दुपारी माल संपला आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला आला.

पहिला प्रश्न: या काळात मागणी किती होती? विक्रीच्या रिपोर्टमध्ये तर शून्य दिसतं. कॉम्प्युटरला विकलेलं कळतं, मागितलेलं कळत नाही. त्यामुळे जेव्हा माल होता तेव्हाचा वेग घेऊन मधली भोकं भरायची. बुधवारचा उरलेला अर्धा दिवस 10, गुरुवार 20, शुक्रवार 18, शनिवार 18, सोमवार 24, मंगळवार 20. बेरीज 110. म्हणजे साधारण 110 नगांची मागणी मालाविना आली.

इथे एक बारीक फट आहे आणि तिच्यात पुष्कळ जण अडकतात. रिपोर्टमध्ये त्या बुधवारची विक्री 10 दिसते, कारण दुपारनंतर कपाट रिकामं होतं. सकाळी माल होता म्हणून तो दिवस ‘माल होता’ या रकान्यात गेला, की बुधवारची सरासरी खाली येते. पुढच्या वेळची ऑर्डर त्या कमी सरासरीवर जाते, माल पुन्हा लवकर संपतो, सरासरी आणखी खाली. असं वर्षभर चाललं की ‘या वस्तूला मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो आपणच तयार केलेला असतो. म्हणून शेवटचा नग किती वाजता गेला ते बिलावरच्या वेळेवरून बघायचं. ज्या दिवशी दुपारी माल संपला तो दिवस सरासरीतून सरळ वगळावा किंवा अर्धा धरावा.

उलट बाजूही आहे. माल अनेकदा संपतो तोच मुळी मागणी वाढल्यामुळे. म्हणजे साध्या आठवड्यांची सरासरी या विशिष्ट आठवड्याला कमी पडण्याची शक्यता असते. यावर सोपा तोडगा म्हणजे शेजारची वस्तू बघणं. त्या दिवसांत दुसऱ्या मॉडेलच्या, माल असलेल्या आणि एकमेकांऐवजी चालत नसलेल्या कार्ट्रिजची विक्री नेहमीपेक्षा दहा टक्के जास्त असेल, तर आपले 110 सुद्धा 120 च्या आसपास न्यायला हरकत नाही. आपल्या उदाहरणात शेजारची वस्तू नेहमीच्याच वेगानं चालली होती असं धरू आणि 110 वर थांबू.

‘त्यापेक्षा काउंटरवर चौकशीची वही ठेवा, किती जणांनी विचारलं ते लिहा’ असा सल्ला बरेच जण देतात. वही ठेवावीच, पण तिच्यावर विसंबू नये. पहिल्या दोन दिवसांत लोक विचारतात. मग ‘त्यांच्याकडे नाहीये’ ही बातमी पसरते आणि विचारणारेही येईनासे होतात. ऑनलाइन विक्रीत तर ‘उपलब्ध नाही’ दिसलं की माणूस काही न बोलता पुढे जातो. दुसरीकडे, एकच ऑफिस तीनदा फोन करतं आणि वहीत ते तीन वेळा चढतं.

आता मुख्य भाग: या 110 पैकी किती गेले, किती थांबले?

विक्रीचा रोजचा आलेख काढला तर माल नसलेल्या दिवसांत खड्डा दिसतो. प्रश्न खड्ड्याचा नाही, त्याच्या पुढे काय दिसतं त्याचा आहे. लोक थांबलेले असतील तर माल आल्यावर नेहमीपेक्षा जास्त विक्री होते, म्हणजे खड्ड्यानंतर उंचवटा येतो. लोक निघून गेले असतील तर विक्री गुपचूप नेहमीच्या रेषेवर परत येते, उंचवटा दिसत नाही. खड्डा जितका खोल त्याच्या किती हिस्सा उंचवटा, तोच थांबलेल्यांचा हिस्सा.

आपल्या कार्ट्रिजचं असं झालं. माल नसताना 25 नगांची नोंद नाव-नंबर घेऊन केली होती. माल आल्यावर त्यातले 22 गेले. 3 रद्द झाले, कारण त्यांनी तोवर दुसरीकडून घेतलं होतं. टंचाईत हे नेहमी होतं: माणूस दोन-तीन ठिकाणी नाव लावून ठेवतो, जिथे आधी मिळेल तिथे घेतो. म्हणून बॅकऑर्डर मोजताना नोंदलेल्या नगांचा आकडा न घेता दिलेल्या नगांचा घ्यायचा.

या 22 शिवाय, माल आल्यानंतरच्या सहा कामाच्या दिवसांत काउंटरवर 131 नग विकले गेले. नेहमीचे 120. वरचे 11 म्हणजे नाव न लावता थांबलेली माणसं. कुणाची शाई थोडी उरली होती, कुणी कामच पुढे ढकललं. हे लोक कुठल्याच यादीत नसतात, फक्त उंचवट्यात दिसतात. एकूण थांबलेले 22 अधिक 11, म्हणजे 33.

तिसरा गट शोधायला कंपॅटिबल कार्ट्रिजची विक्री बघायची. त्या दिवसांत ती एरवी 30 झाली असती, झाली 52. म्हणजे 22 जणांनी आपल्याकडचीच दुसरी वस्तू घेतली. उरले 110 वजा 33 वजा 22, म्हणजे 55. हे गेले. टक्केवारीत: निम्मे गेले, 30 टक्के थांबले, 20 टक्क्यांनी पर्याय घेतला.

उंचवटा वाचताना थोडा संशय बाळगावा. नेमका त्याच आठवड्यात सवलत लावली असेल, किंवा ऑफिसांच्या खरेदीची तारीख तिथे येत असेल, तर उंचवटा खोटा फुगतो. एकदा हात पोळलेली माणसं माल आल्यावर एकाऐवजी दोन घेऊन ठेवतात, तोही उंचवटाच दिसतो. पण त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत विक्री तेवढीच खाली येते, त्यावरून ते ओळखता येतं. दुसरी शाखा असेल आणि तिथे माल असेल, तर तिच्या त्याच दिवसांच्या विक्रीशी ताडून बघणं सगळ्यात चांगलं. तेवढी सोय नसेल तर एकाच वस्तूच्या चार-पाच वेळच्या खड्ड्यांची सरासरी काढावी. एका खड्ड्यावरून टक्केवारी ठरवणं धोक्याचं असतं.

आणि एक गोष्ट तपासल्याशिवाय यातलं काहीच करू नये: सिस्टीममध्ये दिसणारा साठा कपाटात खरंच होता का. डिहोरेशियस आणि रामन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका किरकोळ विक्रेत्याच्या 37 दुकानांतल्या सुमारे 3 लाख 70 हजार साठा-नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या 65 टक्के चुकीच्या निघाल्या. सिस्टीम म्हणते 4 नग आहेत, कपाट रिकामं, आणि वस्तू दिवसेंदिवस विकली जात नाही. असा खड्डा ‘स्टॉकआउट’ च्या रिपोर्टमध्ये येतच नाही. रोज पाच-सहा नग जाणारी वस्तू सलग दोन दिवस शून्यावर आणि साठ्याचा आकडा चार-दोन नगांवर अडकलेला दिसला, तर आधी उठून कपाट बघून यावं.

आता पैसे मांडू

गेलेले 55 नग. प्रत्येकी 25, म्हणजे 1375. कार्ट्रिज घ्यायला आलेला माणूस कागदाचं रिमही घेऊन जातो. तो गेला की तेही गेलं. त्या दिवसांत कागदावर सुटणारी रक्कम नेहमीपेक्षा 220 नं कमी होती. ती मिळवायची. इथे मात्र अंदाजानं टक्केवारी लावण्यापेक्षा कागदाच्या विक्रीकडे प्रत्यक्ष बघावं, कारण काही जण कार्ट्रिज नसलं तरी कागद घेऊनच जातात.

पर्याय घेणारे 22. कंपॅटिबल कार्ट्रिजवर आपल्याला 20 सुटतात, मूळच्यावर 25. फरक नगामागे 5, एकूण 110. समजा पर्यायी वस्तूवर जास्त सुटत असतं, तर ही ओळ उणे आली असती, म्हणजे या गटापुरता माल संपल्यानं फायदाच झाला असता. ऐकायला विचित्र वाटतं, पण जिथे दुकानाचा स्वतःचा ब्रँड शेजारीच मांडलेला असतो तिथे हे खरंच घडतं, आणि हिशेबात ते लपवायचं कारण नाही.

थांबलेले 33. यातल्या नोंद केलेल्या 22 जणांना फोन करणं, माल बाजूला काढून ठेवणं, वेगळी डिलिव्हरी, याचे प्रत्येकी 4 धरून 88. न सांगता थांबलेल्या 11 जणांचा आपल्याला काहीच खर्च आला नाही. शिवाय माल लवकर यावा म्हणून पुरवठादाराकडून जादा वाहतूक देऊन मागवला, त्याचे 150. हा खर्च नगावर अवलंबून नसतो. दहा नग कमी पडले काय आणि शंभर पडले काय, गाडी एकदाच येते. मोठ्या करारांत चौथा प्रकारही असतो, दर दिवसाच्या उशिराला ठरलेला दंड. तो नग आणि दिवस दोन्हींनी गुणावा लागतो. आपल्याकडे तो नाही.

बेरीज: 1375, 220, 110, 88 आणि 150, म्हणजे 1943. कमी पडलेल्या 110 नगांनी भागलं तर नगामागे साधारण 17.7.

आता सुरुवातीच्या दोन उत्तरांशी हा आकडा ताडून बघा. विक्री किमतीनं गुणणाऱ्यांचं नुकसान 11,000 येतं, प्रत्यक्षाच्या साडेपाच पटीहून जास्त. सगळे थांबले असं म्हणणाऱ्यांचं नगामागे 4 च येतं, आणि तेही त्यांनी फोनचा खर्च धरला तर.

रुसून गेलेलं गिऱ्हाईक

गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाही तर, हा भाग सगळ्यात अवघड. अँडरसन, फिट्झसिमन्स आणि सिमेस्टर यांनी 2006 मध्ये एका कॅटलॉगवरून विक्री करणाऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यात दिसलं की माल नसण्याचा फटका त्याच ऑर्डरमधल्या इतर वस्तूंना बसतो आणि पुढच्या ऑर्डरींनाही बसतो. म्हणजे परिणाम आहे. पण आपल्याकडे तो किती, हे आपल्यालाच मोजावं लागतं.

त्यासाठी गिऱ्हाईकवार नोंदी लागतात. समजा त्या दिवसांत रिकाम्या हातानं गेलेली 40 नेहमीची खाती आपल्याला ओळखता आली. पुढच्या तीन महिन्यांत त्यातली 32 परत आली, म्हणजे 80 टक्के. ज्यांना माल नाही असं ऐकावं लागलं नाही अशा खात्यांतली 90 टक्के परत आली. फरक दहा टक्क्यांचा, म्हणजे 4 खाती. एका खात्यावर वर्षाला 200 सुटत असतील तर 800.

या तुलनेत एक खाच आहे. माल नसलेल्या दिवसांत येऊन आदळण्याची शक्यता वारंवार येणाऱ्यांची जास्त असते. महिन्यातून चारदा येणारा सापडतोच, सहा महिन्यांतून एकदा येणारा बहुतेक चुकतो. त्यामुळे पहिल्या गटात मुळातच निष्ठावान माणसं जास्त असतात आणि सरसकट तुलना केली तर नुकसान दिसतच नाही. कधी कधी तर उलटंच दिसतं, जणू माल संपला की गिऱ्हाईक जास्त जवळ येतं. म्हणून दोन्ही गट आधीच्या सहा महिन्यांत साधारण सारख्याच वेळा खरेदी केलेल्यांचे घ्यावेत. आणि 4 खाती हा आकडा एवढा लहान आहे की त्यात योगायोगाचा वाटा मोठा असू शकतो. म्हणून मी हे 800 पक्क्या बेरजेत घालत नाही. ते धरले तर एकूण 2743, नगामागे 25 च्या जवळ. म्हणजे आपलं उत्तर ‘17.7 ते 25 च्या दरम्यान’ असं झालं. एवढं सैल उत्तर घेऊन काय करायचं, असा प्रश्न इथे पडतोच.

आकड्याचा उपयोग

करायचं हे: राखीव साठा, म्हणजे सेफ्टी स्टॉक, किती ठेवायचा ते ठरवायचं. आपण एका वेळी 600 नग मागवतो. वर्षाचे 50 आठवडे धरले तर खप 6000, म्हणजे वर्षात 10 ऑर्डरी. एक नग वर्षभर सांभाळायला, अडकलेलं भांडवल आणि जागा धरून, 70 च्या 20 टक्के, म्हणजे 14 पडतात.

राखीव साठ्यात एक नग वाढवला तर वर्षाला 14 खर्च. तो नग वर्षात 10 वेळा परीक्षेला बसतो, प्रत्येक ऑर्डर यायच्या आधी एकदा. ज्या खेपेला माल संपतो त्या खेपेला तो नगामागचं नुकसान वाचवतो. म्हणून माल संपण्याची शक्यता अशी ठेवायची की दहा खेपांत मिळून वाचलेली रक्कम बरोबर 14 व्हावी. याचा अर्थ शक्यता बरोबर 1.4 भागिले नगामागचं नुकसान. 17.7 नं भागलं तर 7.9 टक्के. प्रत्येक खेपेला माल संपण्याची एवढी शक्यता आपल्याला परवडते.

हा सोपा हिशेब तसं बघितलं तर ‘सगळे थांबतात’ या गणितातला आहे. ‘सगळे जातात’ या गणितात छेदात 1.4 आणखी मिळवतात, उत्तर 7.3 टक्के येतं. फरक नावापुरता. गणित कोणतं वापरलं यानं इथे फारसं बिघडत नाही. नगामागच्या नुकसानीचा आकडा कोणता घातला यानं बिघडतं. ते पुढे दिसतं.

माल यायला दोन आठवडे लागतात. त्या काळात सरासरी 240 नग खपतात, आणि पुरवठादाराच्या पुढे-मागे होण्यासकट त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 60 आहे असं धरू. वक्र नेहमीच्या घंटेच्या आकाराचा मानला, तर 7.9 टक्क्यांसाठी सुमारे 85 नग राखीव लागतात, म्हणजे साठा 325 वर आला की ऑर्डर द्यायची. नुकसान 25 धरलं तर शक्यता 5.6 टक्के आणि राखीव नग 95. ‘सगळे थांबतात’ म्हणत 4 धरलं तर 23. विक्री किंमत 100 धरली तर 132.

आता खरं नुकसान 17.7 आहे असं मानून या चारही साठ्यांचा वर्षाचा खर्च काढू: सांभाळण्याचा आणि अपेक्षित तुटवड्याचा मिळून. 85 नगांना साधारण 1570. 95 नगांना 1590. 132 नगांना 1900. आणि 23 नगांना 2830. म्हणजे 17.7 की 25 या वादाची किंमत वर्षाला 20. त्यावर बैठका घेण्यात अर्थ नाही. पण टोकाचं उत्तर घेतलं तर खर्च चांगलाच वाढतो, आणि त्यातही ‘सगळे थांबतात’ हे टोक ‘सगळे गेले’ पेक्षा खूपच महाग पडतं. नुकसानीचा अंदाज चुकणारच असेल, तर थोडा वरच्या बाजूला चुकलेला परवडतो.

आपल्या आकड्याची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. तो आठवडाभराच्या तुटवड्यातून आला आहे. संध्याकाळी चारला संपलेला माल दुसऱ्या दिवशी सकाळी येणार असेल, तर थांबणाऱ्यांचा हिस्सा 30 टक्क्यांच्या कितीतरी वर असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी तो जवळपास नाहीसा होतो. राखीव साठा 85 ठेवला तर जे तुटवडे उरतील त्यातले बहुतेक एक-दोन दिवसांचेच असतील, तेव्हा त्या कामासाठी 17.7 हा आकडा थोडा चढाच आहे. जमलं तर खड्डे लांबीनुसार दोन ढिगांत घालावेत, दोन दिवसांपर्यंतचे आणि त्याहून मोठे, आणि प्रत्येकाचा वेगळा आकडा काढावा. छोट्या खड्ड्यांचा आकडा राखीव साठा ठरवायला लागतो. मोठ्या खड्ड्यांचा आकडा दुसऱ्याच निर्णयाच्या कामी येतो: पुरवठादारानं आठवडाभराचा उशीर कळवला, आता जादा वाहतूक देऊन माल लवकर आणायचा का?

आपल्याच घटनेत समजा आणखी पैसे मोजून माल तीन कामाचे दिवस आधी, शनिवारी सकाळीच, आला असता. शनिवार, सोमवार आणि मंगळवारचे मिळून 62 नग वाचले असते. वाहतुकीचाच निर्णय घ्यायचा असल्यानं आधीचे 150 बाजूला काढून नगामागचं नुकसान पुन्हा काढायचं, ते 16.3 येतं. 62 नगांचे साधारण 1010. वाहतूकदारानं या तीन दिवसांसाठी त्याहून कमी मागितले तर हो म्हणायचं, जास्त मागितले तर फोन ठेवायचा.